उलट्या चेनचं जॅकेट

माझ्या कपाटात एक काळं लेदर जॅकेट आहे ज्याची चेन चुकीच्या बाजूला आहे. चुकीच्या म्हणजे बायकांच्या जॅकेटला असते त्या बाजूला. 1998 साली धारावीत शिवून घेतलेलं, तेव्हा मी कॉलेजात होतो, दोन ट्यूशन्स घ्यायचो आणि त्यातले साठवलेले सगळे पैसे त्यात घातले. आईला आजही तो आकडा सांगितलेला नाही.

तर झालं असं की मला रमोन्स या अमेरिकन रॉक बँडच्या जॉनी रमोनसारखं जॅकेट हवं होतं. सारखं म्हणजे अगदी तस्सं, कॉलर तशी, पट्टा तसा, तिरकी चेन तशी. बाजारात जी तयार मिळायची ती सरळ चेनची, कुलू-मनालीला हनिमूनला जाताना घालतात तसली, त्यामुळे शिवून घेणं आलं. माझा एक मित्र टी-शर्टवर चित्रं छापायच्या दुकानात पार्टटाइम काम करायचा, त्याच्याकडे रमोन्सच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरचा मोठा प्रिंट होता, त्यातला फक्त जॉनीचा धडाचा भाग कापून त्याने मला दिला. तो घेऊन मी धारावीत गेलो. मास्तरांनी फोटो बघितला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, आणि विचारलं, "लेडीज बनवायचंय का?" मला वाटलं माझ्या खांद्यापर्यंतच्या केसांवरून टोमणा आहे. मी जरा घुश्शातच म्हणालो, "नाही मास्तर, मलाच घालायचंय. फोटोत आहे तसंच पाहिजे." मास्तर म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं."

आणि त्यांनी फोटोत होतं तसंच केलं. अगदी तस्सं. फक्त तो प्रिंट टी-शर्टवर गरम इस्त्रीने उतरवायचा ट्रान्सफर होता, आणि ट्रान्सफर नेहमी आरशातल्यासारखा उलटा छापतात, कापडावर दाबला की सुलटा येतो. अक्षरं कापून टाकलेली, बाजूचे तिघं कापून टाकलेले, त्यामुळे उलटं आहे हे कळायला काही जागाच नव्हती. मास्तरांच्या हाताला कळलं, माझ्या डोळ्याला नाही कळलं. आठवड्याने जॅकेट घ्यायला गेलो तेव्हा सहज विचारलं, की पुढे कधी काही बदलावंसं वाटलं तर बदलता येईल का, तर त्यांनी एक तुकडा उचलून उजेडासमोर धरून दाखवला. ओळीने बारीक भोकं. "हे कापड नाही दादा. कापडात सुई धाग्यांच्या मधून जाते, उसवलं की बुजतं. चामड्यात सुई भोक पाडते, ते कायमचं." म्हणजे एकदा शिवलं की शिवलं. शिवाय मेंढीचं एक कातडं साधारण पाच-सहा चौरस फुटांचं, अशी सात-आठ लागलेली, पुढचे दोन भाग नव्याने कापायचे तर त्याच रंगाची, त्याच पोताची कातडी परत शोधा. मी गप्प पैसे दिले आणि जॅकेट घेऊन सायन स्टेशनकडे चालायला लागलो.

हे सगळं सांगायचं कारण, त्या जॅकेटमुळे मला एक खोड लागली. बँडचे फोटो, कव्हरं, कपडे बघताना हे कुठल्या फोटोवरून आलं असेल असा विचार डोक्यात येतोच. आणि जितकं खणत गेलो तितकं दिसत गेलं की रॉकचा जो काही अवतार आहे ना, काळं लेदर, स्टेजवरचे भडक कपडे, कव्हरवरचे ते गंभीर चेहरे, त्यातलं बरंचसं असंच कुठल्या तरी फोटोवरून शिवलेलं आहे. कुणीतरी सिनेमा बघून जॅकेट घालतो, त्याचा फोटो बघून दुसरा घालतो, त्या दुसऱ्याचा फोटो कव्हरवर येतो आणि ते कव्हर घेऊन मग माझ्यासारखा एखादा धारावीत पोचतो.

मुळात ते जॅकेट गाण्याबिण्यासाठी नव्हतंच. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटने 1928 मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी ते काढलं, आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून त्याला परफेक्टो म्हणायला लागला आणि लाँग आयलंडवरच्या एका हार्ली डेव्हिडसनच्या डीलरकडे ते साडेपाच डॉलरला विकायला ठेवलं. त्याची प्रत्येक गोष्ट कामाची आहे हे मला माझं जॅकेट घालून मित्राच्या आरएक्स हंड्रेडवर बसल्यावर कळलं. चेन तिरकी का? कारण हँडलवर वाकून बसलं की सरळ चेन पोटात आणि गळ्यात रुतते. शिवाय तिरकी असल्यामुळे छातीवर चामड्याचे दोन थर येतात, वारा चेनच्या फटीतून थेट आत शिरत नाही. कॉलरच्या रुंद टोकांना बटणं असतात कारण नाहीतर ती वेगात तोंडावर फडफडतात. बाह्यांना मनगटाशी चेन, वारा बाहीत भरू नये म्हणून. कमरेला पट्टा, जॅकेट वर चढू नये म्हणून. आणि घोड्याचं जाड कातडं, कारण पडलात तर आधी रस्त्यावर ते घासावं, तुमची कातडी नाही.

यातलं एकही कारण गिटार वाजवायला उपयोगाचं नाही. उलट पट्ट्याचं बक्कल गिटारच्या पाठीवर ओरखडे काढतं आणि स्टेजच्या दिव्यांखाली त्या जाड चामड्यात माणूस उकडून निघतो. रमोन्स स्वतः कार्यक्रमाची सुरुवात जॅकेट घालून करायचे आणि काही गाण्यांनंतर ती उतरायची. म्हणजे ते जॅकेट वाजवण्यासाठी नव्हतंच, एन्ट्रीसाठी होतं. आपल्याकडे नाटकात कलाकार टाळी घेऊन येतो ना, तसं.

मोटरसायकलपासून गिटारपर्यंतचा प्रवास पडद्यावरून झाला हे सगळ्यांना माहीत असतं, 1953 चा 'द वाइल्ड वन', त्यात मार्लन ब्रँडो तसलं जॅकेट घालून. इंग्लंडमध्ये सेन्सॉरने तो सिनेमा 1967 पर्यंत अडवून धरला. म्हणजे तिथल्या पोरांच्या एका अख्ख्या पिढीने पिक्चर बघायच्या आधी त्याचे फोटो बघितले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण सिनेमा बघितला असता तर गोष्ट कळली असती, शेवट कळला असता, पोरं कदाचित पुढे सरकली असती, पण हातात नुसता फोटो असला की माणूस त्यात काहीही भरतो.

आणि त्याच इंग्लंडमध्ये 1959 च्या शेवटी अमेरिकेतून रॉक अँड रोल गायक जीन व्हिन्सेंट आला. अमेरिकेत त्याची हवा ओसरत आलेली. 1955 मध्ये मोटरसायकलच्याच अपघातात त्याचा पाय कायमचा अधू झालेला, तो लंगडत चालायचा. टीव्ही निर्माता जॅक गुडने त्याला बघितलं आणि त्याला वाटलं हा अगदीच साधा, सभ्य दिसतोय, असा चालणार नाही. मग त्याने त्याला नखशिखांत काळं लेदर चढवलं, गळ्यात मोठं पदक घातलं आणि लंगडणं लपवायच्या ऐवजी ते दिसेल असं त्याला स्टेजवर चालवलं. जॅक गुड शेक्सपिअरचा भक्त, त्याच्या डोक्यात शेक्सपिअरच्या नाटकातला लंगडा राजा, तिसरा रिचर्ड, होता. थोडक्यात, रॉकमधला काळ्या लेदरचा पहिला पक्का अवतार हा बंडखोरीतून वगैरे आलेला नाही, तो एका नाटकवेड्या माणसाने नटाला वेशभूषा चढवावी तसा चढवलेला आहे. मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाला मोटरसायकलवाल्याचा पोशाख, हा योगायोगही त्यात आलाच.

बीटल्स हॅम्बुर्गला वाजवत असताना तेही लेदरमध्येच होते. मग ब्रायन एपस्टाइन मॅनेजर झाला आणि त्याने 1962 मध्ये त्यांना सूट घातले. त्यावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी थांबतो, फक्त एवढंच, की सूटवाल्या बीटल्सचा जो गणवेश झाला, चौघं एकसारखे, तो पुढच्या गोष्टीत लागतो.

आता रमोन्स. हे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सचे चार जण, भाऊ नव्हते, आडनाव मात्र सगळ्यांनी एकच घेतलेलं. त्याआधी जोई रमोन स्नायपर नावाच्या बँडमध्ये होता आणि तिथे तो चमकदार जंपसूट घालून गायचा, कारण तेव्हा ग्लॅमचा, म्हणजे चमचमत्या कपड्यांतल्या रॉकचा, जमाना होता. मग या चौघांनी ते सगळं सोडलं. लेदर जॅकेट, टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, कॅनव्हासचे बूट. आता नीट बघा, हाही गणवेशच आहे, बीटल्सच्या सूटइतकाच कडक. फरक इतकाच की हा गणवेश कुठल्याही पोराच्या घरात आधीच पडलेला होता, जॅकेट सोडून.

पहिला अल्बम एप्रिल 1976 मध्ये आला. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. त्याच्या कव्हरची गोष्ट अशी की त्यांच्या कंपनीने, सायर रेकॉर्ड्सने, आधी दुसऱ्याकडून फोटो काढून घेतले होते, बीटल्सच्या कव्हरच्या धर्तीवरचे, चेहरे अंधारातून येतायत वगैरे. ते कुणाला पसंत पडले नाहीत. तेवढ्यात 'पंक' नावाच्या मासिकासाठी रॉबर्टा बेली या फोटोग्राफरने यांचे काही फोटो काढलेले होते, न्यूयॉर्कच्या बाऊरी रस्त्याजवळच्या एका मोकळ्या प्लॉटमध्ये, विटांच्या भिंतीला टेकवून, ब्लॅक अँड व्हाइट. कंपनीने त्यातला एक 125 डॉलरला घेतला आणि तेच कव्हर झालं.

तो फोटो मी इतक्या वेळा बघितलाय की डोळे मिटून काढून दाखवीन. डावीकडून जॉनी, टॉमी, जोई, डी डी. चौघंही भिंतीला लागून, कुणी हसत नाही, हात खिशात. टॉमी सगळ्यात बुटका, तो टाचा उचलून उभा आहे. जोई साडेसहा फुटी, तो जरा पोक काढून वाकलेला. म्हणजे ज्या फोटोला लोक गेली पन्नास वर्षं सहज आलेला, कसलाही आव नसलेला म्हणतात, त्यात एकजण चवड्यांवर उभा आहे आणि एकजण कुबड काढून. शाळेच्या ग्रुप फोटोत करायचो तेच.

पण खरी मेख भिंतीत आहे असं मला वाटतं. भिंतीवर विटांच्या आडव्या रेघा, पोताने भरलेली करडी जागा. त्यासमोर चार काळी जॅकेटं सपाट काळे ठोकळे होऊन उभी राहतात, मधे टी-शर्टचे फिके तुकडे, खाली जीन्सचा राखाडी रंग आणि गुडघ्याच्या भोकातून उघडी कातडी. माणसं कोण आहेत हे दिसायच्या आधी कपडे दिसतात. तुम्ही ते कव्हर दहा फुटांवरून बघा, चेहरे ओळखू येणार नाहीत, जॅकेटं येतील. आणि तीच गोष्ट कॉपी करण्यासारखी आहे. चेहरा कॉपी करता येत नाही, आवाजही नाही, जॅकेट येतं. म्हणून ते गाणारे लोक नसून घालायची वस्तू होऊन बसले. अल्बम त्या वेळी अमेरिकेच्या यादीत 111 नंबरच्या वर गेला नाही, आणि गोल्ड रेकॉर्ड व्हायला 2014 साल उजाडलं, तोपर्यंत मूळ चौघांतले तिघं गेले होते आणि चौथा, टॉमी, त्याच वर्षी गेला.

त्यांचा तो गरुडाचा गोल शिक्का तुम्ही नक्की बघितला असेल, फॅशन स्ट्रीटवर तो शंभर रुपयांना मिळायचा. आर्तुरो वेगा या त्यांच्या चित्रकार दोस्ताने तो केला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या शिक्क्यावरून. फक्त गरुडाच्या पायातले बाण काढून बेसबॉलची बॅट दिली कारण जॉनी बेसबॉलवेडा, आणि ऑलिव्हच्या फांदीऐवजी सफरचंदाची. मी तो टी-शर्ट घालून घरी फिरत होतो तर बाबांनी विचारलं, "अमेरिकन वकिलातीत नोकरी लागली काय रे?" तेव्हा मी चिडलो होतो. नंतर कळलं की बाबांनी बरोबर ओळखलं होतं, चित्र मुळात तिथलंच.

याच्या अगदी उलट टोकाला इंग्लंडचा क्वीन हा बँड. आणि इथे आपल्याकडचा माणूस येतो. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बल्सारा, जन्म झांझिबारचा, पण वयाच्या आठव्या वर्षापासून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला, पहिला बँड हेक्टिक्स तो तिथलाच. हे आपण मराठी लोक फार अभिमानाने सांगतो, जणू महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीने त्याचा गळा तयार केला. मला त्याच्या आयुष्यातली दुसरी दोन कामं जास्त महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे लंडनच्या ईलिंग कॉलेजात तो ग्राफिक डिझाइन शिकला, 1969 मध्ये डिप्लोमा घेतला. आणि दुसरं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये क्वीनच्याच रॉजर टेलरबरोबर त्याचा जुन्या कपड्यांचा गाळा होता. कव्हर आणि कपडा, दोन्ही त्याच्या हाताखालून गेलेलं. क्वीनचा तो सिंहांचा शिक्का त्यानेच काढला, चौघांच्या राशींवरून. सिंह राशीचे दोघं म्हणून दोन सिंह, ब्रायन मे कर्केचा म्हणून खेकडा, आणि स्वतः कन्येचा म्हणून दोन पऱ्या. (राशी त्यांच्या पद्धतीच्या, आपल्या पत्रिकेतल्या नाहीत, नाहीतर कुणीतरी लगेच पंचांग उघडेल.)

1974 मध्ये हे लोक झँड्रा ऱ्होड्स या फॅशन डिझायनरकडे गेले. तिने सांगितलंय की तिने त्यांना रॅकवरचे कपडे घालून खोलीत फिरून बघायला सांगितलं. फ्रेडीने उचलला तो पांढऱ्या सॅटिनचा, बारीक चुण्यांचा, वटवाघळाच्या पंखासारख्या बाह्यांचा टॉप, जो तिने मुळात नवरीसाठी केला होता. आता फिरून बघा म्हणण्यात सगळा मुद्दा आहे. तो कपडा हँगरवर नुसता लोंबतो. हात खाली असले तर चुण्या मिटलेल्या, माणूस सडपातळ. हात वर केले की चुण्या सुटतात आणि दुप्पट-तिप्पट रुंदीचा पांढरा पंखा उघडतो, आणि पांढऱ्या सॅटिनवर रंगीत दिवा टाकला की तो सगळा त्या रंगाचा होतो. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये शेवटच्या रांगेतल्या माणसाला फ्रेडीचा चेहरा दिसत नसणार, पण हा पंखा दिसत असणार. आपल्याकडे दशावतारात, तमाशात, शेवटच्या माणसासाठी मुकुट मोठा आणि रंग भडक असतो तोच हिशोब. लेदर जॅकेट या कामाला कुचकामी, ते प्रकाश गिळतं, हलत नाही, काळ्या पडद्यासमोर तर गायबच.

पण गंमत बघा, त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा दुसरा अल्बम 'क्वीन टू' आला आणि त्याच्या कव्हरवर कपडे जवळजवळ नाहीतच. फोटोग्राफर मिक रॉकचा फोटो. पूर्ण काळं, त्यातून चार चेहरे पत्त्यातल्या चौकटच्या आकारात, वर ब्रायन, बाजूला रॉजर आणि जॉन, मधे खाली फ्रेडी, छातीवर हात फुलीसारखे धरलेले. उजेड वरून, त्यामुळे डोळ्यांच्या खोबण्या अंधारात, पापण्या उजळ, गालांची हाडं वर आलेली. काळे कपडे काळ्यात विरघळलेले. हा फोटो कशावरून? मिक रॉकला 1932 च्या 'शांघाय एक्सप्रेस' सिनेमातला नटी मार्लेन डीट्रिचचा एक फोटो बघायला मिळाला होता, वरून उजेड, हात तसेच गळ्याशी. त्याने तो फ्रेडीला दाखवला, फ्रेडीला तो पटकन पटला. बँडमधल्या बाकीच्यांना म्हणे जरा शंका होती की हे फारच शेखी मिरवल्यासारखं दिसेल.

अल्बमला ए आणि बी बाजू नव्हत्या, पांढरी बाजू आणि काळी बाजू होती. बाहेर हा काळा फोटो, आणि कव्हर पुस्तकासारखं उघडलं की आत चौघं पांढऱ्या कपड्यांत पांढऱ्यावर. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण कळलं नव्हतं, कारण माझ्या पिढीने रॉक बघितलं ते कॅसेटवर. कॅसेटच्या डबीचा पुढचा कागद काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, उभा, आणि एलपीचं कव्हर चौरस. मग छापणारे चौरस चित्र कापून उभं करायचे किंवा वर टपाल तिकिटाएवढं चौरस चित्र ठेवून खाली कंपनीच्या आवडीच्या रंगाची पट्टी मारायचे. 'क्वीन टू' सारख्या चित्रात उरणार काय, चार टिकल्या. पुढे एका मित्राच्या काकांकडे, जे बरीच वर्षं जहाजावर होते, हा एलपी हातात आला तेव्हा मी पाच मिनिटं गाणं लावायला दिलंच नाही. बारा इंच बाय बारा इंच. चेहरे नीट बघता येतील एवढे. मांडीवर ठेवून खाली बघितलं की ते वर तुमच्याकडे बघतात. स्टेजवरचा पंखा शंभर फुटांसाठी, आणि हा फोटो दीड फुटासाठी, तबकडी वाजतेय आणि हातात कव्हर आहे त्या अंतरासाठी. त्यावर सॅटिनचा पंखा छापला असता तर हातात नुसता जाहिरातीचा फोटो आला असता.

बरं हे चित्र तिथेच थांबलं नाही. 1975 च्या नोव्हेंबरमध्ये क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याचा व्हिडिओ काढायचा ठरला, दिग्दर्शक ब्रूस गावर्स, खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास, शूटिंग काही तासांत उरकलेलं. सुरुवातीला काय दाखवायचं? तर तेच कव्हर, तीच चौघांची मांडणी, तोच वरचा उजेड, फक्त आता ओठ हलतायत. म्हणजे 1932 चा सिनेमा, त्यातून निघालेला स्थिर फोटो, त्या फोटोवरून कव्हर, आणि कव्हरवरून परत हलतं चित्र. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी गोल पूर्ण. आज तो व्हिडिओ बघणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना हे एका सिनेनटीचे हात आहेत हे माहीत नसतं, आणि त्याने काही बिघडतही नाही.

आणि मग 1979-80 ला हाच फ्रेडी सॅटिन, नेलपॉलिश, लांब केस सगळं टाकून लेदर जॅकेटमध्ये आला. केस बारीक, थोड्याच दिवसांत मिशी. 1980 च्या 'द गेम'च्या कव्हरवर चौघंही काळ्या लेदर जॅकेटात, मागे चंदेरी पार्श्वभूमी. अमेरिकेत काही चाहत्यांनी मिशी बघून स्टेजवर दाढीची रेझरं फेकली. लोक म्हणाले हा सभ्य झाला, मर्दानी झाला. पण त्याचं लेदर ब्रँडोकडून थेट आलेलं नव्हतं, मधे एक थांबा होता. अमेरिकेतल्या गे बारमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून मोटरसायकलवाल्याचं लेदर, टोपी, साखळ्या हा एक स्वतंत्र पोशाख झालेला होता. फ्रेडीचं लेदर आणि टोपी तिथली. त्याच सुमारास जुडास प्रीस्ट या मेटल बँडचा गायक रॉब हॅल्फर्डही खिळे मारलेलं लेदर आणि साखळ्या घालून स्टेजवर चक्क मोटरसायकल घेऊन यायला लागला, त्याचं सामानही त्याच प्रकारच्या दुकानातलं. मग जगभरच्या मेटलवाल्या पोरांनी, ज्यातली बरीच या विषयावर अत्यंत खालच्या दर्जाचे जोक मारायची, तोच पोशाख मर्दानगीचा म्हणून अंगावर चढवला. हॅल्फर्डने 1998 मध्ये टीव्हीवर आपण गे आहोत हे सांगितलं तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये एक विचित्र शांतता पसरली होती. एकाने तर मनगटावरचा खिळ्यांचा पट्टा हळूच काढून बॅगेत टाकला. दुसऱ्या दिवशी परत घातला म्हणा.

आणि मी त्याच वर्षी उलट्या चेनचं जॅकेट घालून रंगभवनला गेलो. धोबीतलावाजवळचं ते उघडं थिएटर, तिथे दरवर्षी बँड वाजवायचे, दगडी पायऱ्यांवर काळे टी-शर्ट घातलेली पोरं खच्चून भरलेली. मुंबईची हवा, त्यात मेंढीचं कातडं आणि आत पॉलिस्टरचं अस्तर. तिसऱ्या गाण्याला माझ्या पाठीवरून धारा लागल्या होत्या पण काढलं नाही, कारण कमवून घातलेलं जॅकेट काढायचं कसं. मागच्या पायरीवर एक मुलगी होती, तिच्या अंगावर काळा डेनिम, ती वाकून म्हणाली, "ए, तुझं नि माझं जॅकेट एकाच बाजूला लागतं." तेव्हा कळलं. म्हणजे मास्तरांनी विचारलं होतं ते का विचारलं होतं ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मित्राकडे जाऊन तसलाच दुसरा आख्खा प्रिंट आरशासमोर धरला आणि जॉनी डावीकडे आला.

त्यानंतर ते जॅकेट मी फारसं घातलं नाही, पावसाळ्यात मात्र दर वर्षी बाहेर काढावं लागतं. जुलैत कॉलरच्या आतल्या बाजूला आणि काखेत पांढरी बुरशी येते, ती कोरड्या फडक्याने पुसायची, ओल्या नाही, नाहीतर डाग बसतो, मग पंख्याखाली दोन दिवस, उन्हात नाही कारण चामडं कडक होऊन तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवायचं नाही, हे मी एका वर्षी करून बघितलंय, ऑगस्टमध्ये पिशवी उघडली तर आत पनीर. तिरकी चेन अजून लोण्यासारखी चालते. मास्तरांनी मनगटाच्या चेनच्या टोकाला चामड्याची बारीक पट्टी गाठ मारून लावली होती, फोटोत ती नाही, त्यांनी स्वतःहून लावलेली, ग्लोव्हज घातलेल्या हाताने चेन पकडता यावी म्हणून. गाडी मी कधीच घेतली नाही.

परवा एका दुकानात छापील पोस्टर चाळत होतो, कुठल्या तरी नव्या बँडचं, चौघं भिंतीला टेकून, लेदर जॅकेटं, अर्थातच. दुकानदार म्हणाला घ्या साहेब शेवटचा पीस आहे. मी आधी चेनची बाजू बघितली, मग भिंतीवरची अक्षरं वाचता येतायत का ते बघितलं. सुलटं होतं. एकजण चवड्यावर उभा होता.